पाणी सुटलेला ट्रे आणि मऊ राहिलेला ट्रे

पुण्यातल्या मुलींच्या एका हॉस्टेलच्या मेसमध्ये रविवारच्या नाश्त्याला ट्रे-ऑमलेट करतात. फेटलेल्या अंड्यांत भाज्या घालून ते मिश्रण स्टीलच्या मोठ्या ट्रेमध्ये ओततात, ओव्हनमध्ये भाजतात आणि चौकोनी तुकडे पाडून पावाबरोबर वाढतात. शंभरएक मुलींना तव्यावर एकेक पोळी काढून देणं शक्य नसतं, त्यामुळे ही पद्धत सोयीचीच आहे. मी मेस आणि कॅन्टीनच्या कामगारांना स्वयंपाकघरातल्या स्वच्छतेचं प्रशिक्षण देते. त्या रविवारी मी तिथे गेले होते ती सकाळच्या तयारीची पाहणी करायला. नाश्ता सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि दोन-तीन मुली ताटल्या घेऊन परत आल्या. "काका, हे कच्चं आहे. खाली बघा, अंडं वाहतंय."

ताटलीत खरंच पाणी होतं. तुकड्याखाली फिकट हिरवट-गुलाबी द्रवाचं तळं साचलं होतं. आचारी काका म्हणाले, "पालकाचं पाणी आहे ते, कच्चं कुठलं!" मुलींना ते पटेना. शेजारीच बटाटा-सिमला मिरचीचा दुसरा ट्रे होता. तो सोनेरी, फुगलेला आणि वरून खरपूस दिसत होता, आणि मुलींनी त्याच्यापुढे रांग लावली. तक्रार एकाच ट्रेची होती. मी दोन्ही तपासायचं ठरवलं आणि दुसऱ्या ट्रेचं वाढप थोडं थांबवायला सांगितलं.

दोन्ही ट्रेची कृती आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. पालक-टोमॅटोचा ट्रे मोठा आणि पसरट होता. त्यात ६० अंडी, १ लीटर दूध आणि दीड-दोन किलो पालक-टोमॅटो होते, आणि थर साडेतीन सेंटीमीटरचा भरला होता. बटाट्याचा ट्रे आकाराने त्याच्या निम्मा, पण खोल होता. त्यात ४५ अंडी, पाव किलो दही, कांदा, सिमला मिरची आणि २ किलो उकडलेल्या बटाट्याच्या फोडी होत्या. बटाटे आदल्या रात्री उकडून फ्रीजमध्ये ठेवले होते आणि सकाळी थंडगारच मिश्रणात घातले होते. थराची उंची साडेपाच सेंटीमीटर. दोन्ही ट्रे १८० अंशांवर ४० मिनिटं एकाच ओव्हनमध्ये होते आणि एकदमच बाहेर काढले होते. काकांचा हिशोब सरळ होता. ओव्हन तोच, वेळ तोच, म्हणजे दोन्ही सारखेच शिजले असणार.

पहिल्यांदा पाणी सुटलेला ट्रे घेतला. ताटलीतला द्रव चमच्याने पांढऱ्या बशीत काढून खिडकीच्या उजेडात पाहिला. तो पातळ आणि पारदर्शक होता, बशी तिरकी केली की सरळ वाहत होता. कच्चं फेटलेलं अंडं असं कधीच दिसत नाही. ते पिवळट आणि गढूळ असतं, त्याला चिकट ताण असतो, आणि चमचा उचलला की ते तारेसारखं लोंबतं. मुलींची खात्री पटावी म्हणून मावशींना तवा तापवायला सांगितला आणि चमचाभर द्रव त्यावर टाकला. तो चरचरला आणि आटला. मागे राहिली ती भाजीच्या कणांची पातळ खूण. शेजारी, एका वाटीत उरलेलं कच्चं मिश्रण चमचाभर टाकलं. ते लगेच पांढरट होऊन गोठलं. पाण्याला गोठायला काही नसतं, अंड्यात प्रथिनं असतात. कुठल्याही स्वयंपाकघरात ही परीक्षा अर्ध्या मिनिटात होते.

मग प्रोब थर्मामीटर लावला. ट्रेच्या मधोमध, थराच्या अर्ध्या उंचीवर ८१ अंश सेल्सिअस, आणि काठाकडे नव्वदीच्या घरात. हा ट्रे कच्चा नव्हताच, उलट जास्त शिजला होता. अंड्याची प्रथिनं गरम होताना एकमेकांत गुंतून जाळं बनवतात आणि त्या जाळ्यात पाणी धरून ठेवतात. उष्णता पुढे चालूच राहिली की जाळं आवळत जातं आणि धरलेलं पाणी बाहेर पिळलं जातं. त्यात पालक आणि टोमॅटोने आपलं पाणी सोडलं, म्हणून ताटलीत तळं झालं. तुकडा मोडून पाहिला तर आत बारीक भोकं पडली होती आणि पोत रबरासारखा झाला होता. चवीच्या दृष्टीने तक्रार योग्यच होती. सुरक्षिततेच्या दृष्टीने मात्र या ट्रेला काही भीती नव्हती.

आता दुसरा ट्रे. त्यात वेळ गेला तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

काकांनी ओव्हनमधून काढताना सुरी खुपसून पाहिली होती आणि सुरी कोरडी निघाली होती. मी त्यांना विचारलं, नेमकी कुठे खुपसली? त्यांनी काठापासून तीन बोटं आतली जागा दाखवली. तिथे मी पुन्हा सुरी घातली आणि ती स्वच्छच आली. मग अगदी मधोमध घातली, तर बटाट्याची फोड लागली आणि सुरी पुन्हा जवळजवळ स्वच्छ आली. फोडीतून जाताना सुरीच्या पात्यावर लागलेलं ओलं अंडं बटाटाच पुसून घेतो. दोन फोडींच्या मधली जागा शोधून सुरी तिसऱ्यांदा घातली, तेव्हा पात्यावर चकचकीत, जाडसर, पिवळा थर आला. बोटाने पुसला तर गुळगुळीत लागला, दाणा नव्हता.

त्या जागी चमच्याने थोडं उकरून पाहिलं. वरचा सेंटीमीटरभर थर घट्ट आणि निस्तेज होता, म्हणजे शिजलेला. त्याखाली अंडं जमलेलं दिसत होतं, पण त्याच्यावर ओली चकाकी होती आणि ते खरवसासारखं थरथरत होतं. फोडीला चिकटलेला भाग तर अर्धवट पातळच होता. काका म्हणाले, "मॅडम, मऊ तर असायलाच पाहिजे ना. पालकवाला कडक झाला म्हणून ओरडा, हा मऊ आहे म्हणूनही ओरडा?" त्यांचा प्रश्न रास्त होता. मऊपणा हा दोष नव्हे. दूध जास्त घातलेलं मिश्रण सुरक्षित तापमान ओलांडूनही हलतंच, कारण दुधामुळे प्रथिनं विरळ होतात आणि त्यांना गोठायला जास्त उष्णता लागते. दही, टोमॅटो, लिंबू अशा आंबट गोष्टींनी याच्या उलट होतं. मिश्रण कमी तापमानाला जमतं आणि डोळ्याला लवकर शिजल्यासारखं दिसतं. बटाट्याच्या ट्रेमध्ये दही होतं. म्हणजे मऊ किंवा घट्ट यावरून या ट्रेचा निकाल लावता येत नव्हता. तिथे आकडाच हवा होता.

मेसमध्ये बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर होता. काकांनी तो ट्रेवर रोखला आणि अभिमानाने दाखवला, ९४ अंश. पण हे उपकरण फक्त वरच्या कातडीचं तापमान सांगतं. खरपूस रंग आणि हा ९४ चा आकडा, दोन्ही एकाच पृष्ठभागाची बातमी देत होते. ओव्हनची गरम हवा थेट वरच्या थराला लागते, त्यामुळे वरचा रंग आतल्या शिजण्याच्या कितीतरी आधी येतो.

माझ्याकडचा थर्मामीटर बारीक टोकाचा डिजिटल आहे. लावण्याआधी तो नीट चालतोय का ते पाहिलं. ग्लासभर चुऱ्याच्या बर्फात थोडं पाणी घालून ढवळलं आणि टोक त्यात धरलं, शून्य दाखवायला हवा, दाखवला. उकळत्या पाण्यात तपासायचं तर एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे इथे पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. इथे उकळत्या पाण्यात ९८ दिसलं तर थर्मामीटर बिघडलेला नाही. जुन्या गोल तबकडीच्या थर्मामीटरची अडचण वेगळी आहे. त्याच्या दांड्याचा टोकापासून पाच-सहा सेंटीमीटरचा भाग मिळून सरासरी दाखवतो, म्हणून पातळ थरात तो उभा खुपसला तर आकडा फसवा येतो. तोच हाताशी असेल तर थराच्या बाजूने आडवा घालायचा.

टोक थराच्या मधल्या उंचीवर नेलं, ट्रेच्या तळाला लागू दिलं नाही, कारण तळाचं स्टील अन्नापेक्षा गरम असतं. आकडा स्थिर होईपर्यंत थांबले. काठाजवळ ८४. काठ आणि मध्य यांच्या मधोमध ७५. मध्यभागी ६८. दोन फोडींच्या मधल्या खाचेत ६६. ओव्हनमध्ये ट्रे थोडा पुढे-मागे असेल तर सगळ्यात थंड जागा नेमकी मध्यावर नसते, म्हणून मी आजूबाजूलाही पाहिलं. ट्रेचा खरा आकडा म्हणजे त्यातला सगळ्यात लहान आकडा. सरासरी काढण्यात अर्थ नाही, कारण खाणारी मुलगी सरासरी खात नाही, एक तुकडा खाते.

अंड्याच्या पदार्थांसाठी अमेरिकेच्या कृषी विभागाने घरगुती स्वयंपाकाला दिलेला आकडा १६० अंश फॅरेनहाइट आहे, म्हणजे ७१ अंश सेल्सिअस. त्यात कोंबडीचे किंवा मटणाचे तुकडे असतील तर ७४. तिथल्या हॉटेलांसाठीच्या नियमावलीत, अनेक अंडी एकत्र फोडून केलेल्या पदार्थाला ६८ अंश १७ सेकंद टिकले तरी चालतात. एकच अंडं फोडून लगेच वाढायचं असेल तर ६३ अंश १५ सेकंद पुरेसे धरतात. हे आकडे एकमेकांशी भांडत नाहीत. जिवाणू मरण्यात तापमान आणि वेळ दोन्हींचा वाटा असतो. कमी तापमानाला जास्त वेळ लागतो, जास्त तापमानाला क्षण पुरतात. कारखान्यात फोडलेली पातळ अंडी ६० अंशांवर साडेतीन मिनिटं ठेवून पाश्चराइज करतात, आणि ती तरीही पातळच राहतात. ७१ चा फायदा असा की तो आकडा दिसला की घड्याळ पाहावं लागत नाही.

म्हणून ६६ अंश म्हणजे विष, असं मी काकांना सांगितलं नाही. त्या खाचेतलं अंडं किती वेळ ६६ वर होतं हे कुणालाच माहीत नव्हतं. कदाचित दोन मिनिटं, कदाचित आत्ताच तिथवर पोचलं होतं. ज्या पदार्थाचा वेळ माहीत नाही तो ७१ पर्यंत न्यायचा, एवढंच.

आणि ४५ अंडी एका पातेल्यात फोडलेली होती, हा मुद्दा इथे मोठा ठरतो. साल्मोनेला एन्टेरिटिडिस हा जिवाणू कोंबडीच्या अंडाशयातून, कवच बनायच्या आधीच, अंड्याच्या आत जाऊ शकतो. असं अंडं धुऊन, वास घेऊन, पाण्यात बुडवून ओळखता येत नाही. अशी अंडी थोडीच असतात. घरी एका माणसाने एक अंडं अर्धकच्चं खाल्लं तर धोका त्या एका अंड्यापुरता असतो. एकत्र फेटलेल्या मिश्रणात मात्र एक दूषित अंडं साऱ्या ट्रेत पसरतं. त्यातून मिश्रण सकाळी साडेपाचला फेटून ओट्यावर ठेवलं होतं आणि ओव्हनमध्ये पावणेसातला गेलं होतं. सव्वा तास उबदार स्वयंपाकघरात राहिलेल्या मिश्रणात जिवाणू असले तर वाढायला लागतात, आणि शिजण्याला जास्त मारावे लागतात.

ट्रे परत आत गेला. वरचा भाग करपू नये म्हणून त्यावर फॉइल घातलं. दहा मिनिटांनी त्याच खाचेत ७०, म्हणून अजून थोडा वेळ ठेवला. मग ७३ आले आणि ट्रे बाहेर काढला. बाहेर काढल्यावरही काठाची उष्णता आत सरकत राहते, त्यामुळे मधला आकडा आणखी दोन-तीन अंश चढला. त्या चढण्याच्या भरवशावर ६८ ला ट्रे बाहेर काढू नये, कारण पातळ ट्रेमध्ये किंवा पंख्याखाली तो चढेलच असं नाही. आधी वाढले गेलेले तुकडे काठाच्या रांगेतले होते, तिथे ८४ होते, त्यामुळे ते परत मागवायची गरज पडली नाही. मधल्या ओल्या भागात घातलेली सुरी, चमचा आणि थर्मामीटरचं टोक मात्र लगेच साफ केलं. कच्च्या भागातून काढलेलं टोक न पुसता शिजलेल्या भागात घालणं म्हणजे केलेलं काम वाया घालवणं.

७३ अंशांनंतर तीच जागा पुन्हा उकरली. ओली चकाकी गेली होती. अंडं निस्तेज पिवळं, बारीक दाणेदार दिसत होतं, चमच्याने दाबलं की तुकडा मोडत होता, आणि फोडीपासून अंडं स्वच्छ सुटत होतं. ट्रे हलवला की मधला भाग काठाबरोबर एकजीव हलत होता, आधीसारखी त्याची वेगळी लाट येत नव्हती. काकांना आणि मावशींना मी आधीचा आणि आताचा भाग शेजारी-शेजारी दाखवला. डोळ्याला सवय लागायची तर आकडा समोर असताना लागते. सहासात वेळा थर्मामीटर आणि नजर एकत्र वापरली की ओल्या चकाकीचा अर्थ हाताला कळायला लागतो. एक अडचण चीजची आहे. वितळलेलं चीज कच्च्या अंड्यासारखं चकाकतं आणि तारही धरतं, त्यामुळे चीज घातलेल्या ट्रेत नजरेवर अजिबात विसंबू नये.

कृतीत आम्ही काही बदल केले. खोल ट्रे बंद केला आणि थर चार सेंटीमीटरच्या वर न्यायचा नाही असं ठरलं. बटाटे फ्रीजमधून काढून आधी कढईत वाफ येईपर्यंत परतायचे, कारण थंड फोड आजूबाजूच्या अंड्याची उष्णता शोषून घेते आणि थंड खाच तयार होते. पालक चिरून, परतून, पिळून घ्यायचा, टोमॅटोच्या बिया काढायच्या, म्हणजे पाण्याची तक्रारही राहणार नाही. मिश्रण फेटलं की लगेच ओव्हन, वेळ असेल तर फ्रीज.

घरी विचारणाऱ्यांसाठी हेच थोडं वेगळ्या शब्दांत सांगते. तव्यावरच्या पातळ ऑमलेटमध्ये थर्मामीटर घालायला जागाच नसते आणि गरजही नसते. थर पातळ असला की रंग आणि आतलं शिजणं जवळजवळ एकत्र येतात. उलटून दोन्ही बाजूंनी भाजा, मग घडी उघडून पाहा. आत ओली रेघ नसेल तर झालं. भुर्जीत कच्च्या अंड्याची चकाकी जाऊन दाणे सुटे व्हायला हवेत. टोमॅटोचं पाणी आणि कच्चं अंडं यात गोंधळ झाला तर भुर्जी कढईच्या एका बाजूला सरकवा आणि खाली उरलेला द्रव आटतो की गोठतो ते पाहा. रस्स्यात अंडी फोडून सोडली असतील तर रस्सा खदखदतोय यावर जाऊ नका. पांढरं पूर्ण अपारदर्शक आणि बलक घट्ट झाला पाहिजे. वाहत्या बलकाचं हाफ फ्राय ७१ पर्यंत पोचलेलं नसतं. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारी माणसं आणि केमोथेरपी चालू असलेली व्यक्ती यांच्या ताटात ते देऊ नये. उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवतीचं हिरवं-करडं कडं दिसलं तर घाबरायचं कारण नाही. ते जास्त वेळ उकळल्याचं लक्षण आहे, बलकातलं लोह आणि पांढऱ्यातला गंधक मिळून तयार होतं.

उशिरा येणाऱ्या मुलींसाठी ट्रे काउंटरवर ठेवायची तिथली रीत होती, आणि तिच्यावर आमची सगळ्यात जास्त चर्चा झाली. ७१ ला पोचलेला ट्रे पुढे कोमट होऊन तीन तास पडून राहिला तर त्या ७१ चा उपयोग संपतो. हाताळणीतून आलेले जिवाणू अशा कोमट अन्नात वाढतात, आणि स्टॅफिलोकॉकस तर असं विष सोडतो की ते पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून ट्रे ६० अंशांच्या वर गरम ठेवायचा. ते जमत नसेल तर उरलेले तुकडे दोन तासांच्या आत पसरट डब्यात फ्रीजमध्ये टाकायचे आणि देताना ७४ पर्यंत गरम करायचे. मेसमध्ये आता काउंटरखाली गरम पाण्याचं भांडं बसवलं आहे, आणि मावशी दर अर्ध्या तासाने ट्रेच्या मध्यावर टोक घालून भिंतीवरच्या वहीत आकडा लिहितात.